देवाला गावाचा पत्ता देणारी पदं : आळ्वार आणि नायन्मार यांनी देऊळ भक्तीच्या मध्यावर कसं आणलं

28 मे 2023 रोजी दिल्लीत संसदेच्या नव्या इमारतीत सेंगोल, म्हणजे तमिळ राजदंड, बसवला गेला. तमिळनाडूतल्या शैव मठांचे प्रमुख त्यासाठी आले होते. त्या सुमारास सगळीकडे एका तमिळ पदाचा उल्लेख होत होता : ‘कोळरु पदिकम’. 1947 मध्ये सेंगोल नेहरूंच्या हाती देताना हेच पद म्हटलं गेलं, असं सांगतात. त्याच्या शेवटच्या ओळीत ‘अरसाळ्वर, आणै नमदे’ असे शब्द आहेत. ‘ते राज्य करतील, ही आमची आज्ञा,’ असा त्यांचा अर्थ सगळीकडे फिरला.

मूळ पद मात्र राजाला उद्देशून नाही. हे पद म्हणणारे भक्त स्वर्गात राज्य करतील, असं कवी सांगतो. शिव माझ्या मनात येऊन बसला आहे, तेव्हा वार कुठलाही असो, ग्रह कुठलेही असोत, सगळे चांगलेच, हा पदाचा आशय. रविवारपासून शनिवारपर्यंतच्या वारांचे ग्रह आणि त्यांच्या जोडीला राहू-केतू अशी यादीच त्यात येते. कवी आहे संबंदर, काळ सातवं शतक. शेवटच्या कडव्यात तो स्वतःची ओळख ब्रह्मपुरातला ज्ञानी मुनी अशी करून देतो. ब्रह्मपुर हे आजच्या सीरकाळी गावाचं एक जुनं नाव.

ग्रहताऱ्यांबद्दलच्या पदातही कवीला गावाचं नाव घालावंसं वाटतं. या सवयीतूनच पुढे तमिळ देशातली भक्ती देवळाभोवती कशी उभी राहिली, ते बघू.

आधी तीन शब्द

सहाव्या ते नवव्या शतकात तमिळ भाषेत गाणाऱ्या विष्णुभक्त कवींना आळ्वार म्हणतात, म्हणजे देवात बुडालेले. परंपरेने ते बारा मानले आहेत. शिवभक्त ते नायन्मार, परंपरेने त्रेसष्ट. हे सगळेच काही कवी नव्हते. ज्यांच्या पदांवर सगळी इमारत उभी आहे ते तिघे : अप्पर, संबंदर आणि सुंदरर. या तिघांच्या पदांना मिळून तेवारम म्हणतात.

तिसरा शब्द पदिकम. साधारण दहा कडव्यांचं पद, आणि बहुतेक वेळा शेवटी कवीच्या सहीचं आणखी एक कडवं. तेवारममध्ये अशी जवळजवळ आठशे पदिकं आहेत. या लेखाचा नायक पदिकमच आहे.

त्या काळी देऊळ म्हणजे काय?

आज तमिळनाडू म्हटलं की उंच गोपुरं डोळ्यांसमोर येतात. सातव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतलं एकही उभं नव्हतं. देवळं होती ती विटांची, लाकडाची, किंवा नुसतं झाडाखालचं लिंग. मंडगपट्टू इथे पल्लव राजा महेंद्रवर्मा याने खडकात कोरवलेलं एक देऊळ आहे. त्याच्या संस्कृत लेखात राजा अभिमानाने सांगतो की ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णू यांचं हे घर विटा, लाकूड, धातू आणि चुना न वापरता केलं आहे. म्हणजे एरवी देऊळ विटा-लाकडाचंच असणार, हे त्यातून आपोआप कळतं.

देवळाला तमिळमध्ये ‘कोयिल’ म्हणतात. ‘को’ म्हणजे राजा, ‘इल’ म्हणजे घर. जुन्या तमिळमध्ये राजवाडाही कोयिलच. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपले कवी राजाच्या दारातूनच देवाच्या दारात आले.

त्याआधीच्या काही शतकांत, संघम काळात, पाणर नावाचे गवई ‘याळ’ हे तंतुवाद्य घेऊन गावोगाव हिंडत. एखाद्या सरदाराची स्तुती करायची, त्याचा डोंगर, त्याची नदी, त्याचं गाव नावानिशी गायचं आणि बिदागी घेऊन निघायचं. वाटेत दुसरा भुकेला पाणर भेटला तर ‘अमक्या गावी जा, तिथला धनी उदार आहे’ असं त्याला सांगणाऱ्या कविता होत्या. तो एक ठरलेला काव्यप्रकारच होता. नायन्मारांनी ही चौकट जशीच्या तशी उचलली. धनी तेवढा बदलला. आता वाट सांगायची ती शिवाच्या गावाची.

एक पद उघडून बघू

संबंदराचं पहिलं पद घेऊ. कथा अशी. सीरकाळीच्या देवळाच्या तलावावर बाप तीन वर्षांच्या पोराला काठावर बसवून स्नानाला उतरतो. बाप दिसेना म्हणून पोर रडायला लागतं. पार्वती येऊन त्याला आपलं दूध पाजते. बाप वर येऊन बघतो तर पोराच्या ओठांवर दूध. ‘कोणी दिलं?’ म्हणून तो रागावतो. पोर देवळाकडे बोट दाखवून गायला लागतं.

कथेवर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पद खरोखरच ओळख पटवून देणाऱ्या मुलाच्या तोंडी शोभेल असं आहे. पहिल्या कडव्याचा भाव असा : ज्याच्या कानात तोड आहे, जो बैलावर बसतो, शुभ्र चंद्रकोर लेतो, स्मशानाची राख अंगाला फासतो, तो माझं मन चोरून नेणारा चोर, पूर्वी कमळातल्या ब्रह्म्याने पूजा केली तेव्हा त्याच्यावर कृपा करणारा, थोर अशा ब्रह्मपुरात राहणारा आमचा स्वामी, तो हाच ना!

आता हे पद काय करतं ते बघा. ‘तोड’ हा बायकांच्या कानातला दागिना. त्या एका शब्दात अर्धं अंग पार्वतीचं असल्याची खूण पटते. बैल, चंद्र, राख या खुणा सगळीकडच्या शिवाला लागू पडतात. ब्रह्म्याने पूजा केल्याची गोष्ट मात्र या गावाच्या नावामागची. आणि शेवटची ओळ, ‘ब्रह्मपुरात राहणारा आमचा स्वामी तो हाच ना’, कडव्यामागून कडव्यात परत येते. गाणाऱ्याच्या तोंडी आणि ऐकणाऱ्याच्या कानात गावाचं नाव वारंवार पडतं. पाकिटावर पत्ता घालावा तसं प्रत्येक कडव्याच्या शेवटी गाव येतं. विश्व व्यापणारा शिव पहिल्या ओळीत असतो आणि कडवं संपेपर्यंत तो आपल्या शेजारच्या गावचा झालेला असतो.

संबंदराने पुढचा साचाही जवळजवळ ठरवून टाकला. आठव्या कडव्यात बहुधा रावण येतो, कैलास उचलू पाहणारा आणि शिवाच्या अंगठ्याखाली चिरडलेला. नवव्यात ब्रह्मा आणि विष्णू, अग्निस्तंभाचा अंत न सापडलेले. दहाव्यात जैन आणि बौद्ध यांची निंदा. अकराव्यात कवीचं नाव, गाव आणि पद गाण्याचं फळ. या पहिल्या पदातही हे सगळं ओळीने आहे. साचा ठरलेला असला की पाठांतर सोपं जातं. एखादं कडवं गळलं तर लगेच कळतं, आणि कोणी भलतंच पद संबंदराच्या नावावर खपवायला गेला तर तेही लपत नाही.

पायी हिंडून तयार झालेला नकाशा

हे कवी एका जागी बसले नाहीत. गावोगाव चालत गेले आणि प्रत्येक ठिकाणच्या देवाचं पद रचलं. तेवारममध्ये गायलेली स्थळं पावणेतीनशेच्या आसपास आहेत आणि त्यांना ‘पाडल पेट्र स्थलम’, म्हणजे पद लाभलेलं स्थळ, असं नावच पडलं. त्यांतली सुमारे 190 कावेरीच्या दोन्ही तीरांवर आहेत. परंपरा त्यांची मोजणीही तशीच करते : उत्तर तीरावर 63, दक्षिण तीरावर 127. पदांमध्ये देवाइतकाच गावाचा शेतशिवार असतो. भातखाचरात उड्या मारणारे मासे, मधाने भरलेल्या बागा, भुंगे. शिव कैलासावर असेलही, पण कवीला तो दिसतो कावेरीच्या पाटाशेजारी.

अप्पराची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तो तरुणपणी जैन साधू होता. परंपरा सांगते की पोटशुळाने हैराण होऊन तो बहिणीकडे, तिलकवतीकडे, परत आला. तिने त्याला तिरुवदिगैच्या शिवाकडे नेलं आणि तिथे त्याचा शूळ थांबला. म्हातारपणापर्यंत तो देवळं हिंडत राहिला. मूर्तींमध्ये त्याला ओळखायची खूण म्हणजे खांद्याला टेकवलेलं लांब दांड्याचं खुरपं, तमिळमध्ये उळवारम. देवळाच्या अंगणात उगवलेलं गवत आणि फरशीच्या फटींतली रोपं तो त्याने खरवडून काढी. आधी अंगण साफ करायचं, मग गायचं. आजही तमिळनाडूत सुटीच्या दिवशी माणसं जमून पडीक देवळं साफ करतात आणि त्या कामाला ‘उळवारप्पणि’च म्हणतात. देवळाशी नातं जोडायला मंत्र यायला हवेत असं नाही, खुरपं धरता आलं तरी चालतं, हे अप्पराने करून दाखवलं. मला त्याच्या कवितेइतकंच हे मोलाचं वाटतं.

विष्णूच्या बाजूला काय चाललं होतं?

आळ्वारांची सुरुवात एका अरुंद देवडीत होते. तिरुक्कोविलूरला पावसाळी रात्री पोय्गै आळ्वार आसऱ्याला शिरतात. एकट्याला आडवं होता येईल एवढीच जागा. भूतत्ताळ्वार येतात, तेव्हा दोघं बसतात. पेयाळ्वार येतात, तेव्हा तिघं उभे राहतात. मग अंधारात आणखी कोणीतरी रेटून आत आल्यासारखं होतं. एक जण पृथ्वीची पणती, समुद्राचं तूप आणि सूर्याची ज्योत करतो. दुसरा प्रेमाची पणती आणि ओढीचं तूप घालून मनाची वात लावतो. तिसरा म्हणतो, दिसला. चौथा विष्णू होता. तीन पावलांत जग मोजणारा देव चौघांच्या दाटीवाटीत मावला. देवळातली मूर्ती म्हणजे नेमकं काय, याचं यापेक्षा सोपं उत्तर मला माहीत नाही.

आळ्वारांनी गायलेल्या स्थळांना पुढे दिव्यदेश म्हणू लागले. ती 108 आहेत, त्यांतली दोन या जगाबाहेरची. एकट्या श्रीरंगमची स्तुती बारापैकी अकरा जणांनी केली. बारावे मधुरकवी. त्यांनी देव सोडून आपल्या गुरूला, नम्माळ्वारांनाच गायलं.

पद आणि गाव यांची गाठ किती उपयोगाची ठरली ते वैष्णव आचार्य नाथमुनींच्या कथेत दिसतं. काळ दहाव्या शतकाच्या आसपासचा. नाथमुनींच्या गावी काही यात्रेकरू आले आणि त्यांनी कुंभकोणमच्या देवावरचं नम्माळ्वारांचं एक पद म्हटलं. त्याच्या शेवटच्या कडव्यात कवी सांगतो की कुरुगूरच्या शठकोपाने, म्हणजे नम्माळ्वारांनीच, रचलेल्या हजारांतली ही दहा. नाथमुनींनी विचारलं, ‘बाकीची कुठे आहेत?’ यात्रेकरूंना तेवढीच येत होती. तेव्हा नाथमुनी पदातल्या पत्त्यावर निघाले. कुंभकोणमला गेले, तिथून कुरुगूरला, म्हणजे आजच्या आळ्वार तिरुनगरीला. तिथे त्यांना नम्माळ्वारांची आणि इतरांचीही पदं मिळाली. त्यांतून चार हजार पदांचा संग्रह झाला, नालायिर दिव्य प्रबंधम. सहीच्या कडव्यात कवीचं नाव, त्याचं गाव आणि एकूण आकडा होता, म्हणून हरवलेलं शोधता आलं.

‘हे सगळं राजांनीच घडवलं नाही का?’

हा आक्षेप वारंवार येतो आणि त्यात तथ्य आहे. अप्परामुळे महेंद्रवर्मा शैव झाला असं परंपरा म्हणते. संबंदराने एका पदात शिरुत्तोंडर नावाच्या भक्ताचं नाव घेतलं आहे. पुढच्या काळातलं चरित्र सांगतं की हा पल्लवांचा सेनापती होता आणि त्याने वातापी, म्हणजे बदामी, जिंकली. पल्लव नरसिंहवर्मा याने बदामी घेतली ती 642 च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीला हरवून. हा पुलकेशी म्हणजे ऐहोळे लेखानुसार तीन महाराष्ट्रकांचा स्वामी. संबंदराचा काळ सातवं शतक धरतात तो अशा दुव्यांवरून.

पण क्रम नीट बघितला तर पदं आधी आहेत आणि मोठी दगडी देवळं बहुतांशी नंतर. दहाव्या शतकात चोळ राणी सेंबियन महादेवीने ठिकठिकाणी जुनी विटांची देवळं दगडात बांधून घेतली, आणि त्यांत पदं लाभलेली गावं आहेत. कवींनी आधीच नावाजलेल्या जागी राजघराण्याने पैसा घातला. पदं गाणाऱ्यांची सोय मात्र राजांनी केली. पल्लवांच्या नवव्या शतकातल्या एका लेखात तिरुप्पदियम, म्हणजे हीच पदं, गाणाऱ्यांसाठी तरतूद दिसते. तंजावरच्या मोठ्या देवळात राजराज चोळाने 48 गायक आणि दोन तालवाद्यवाले नेमले आणि प्रत्येकाला रोजचं तीन कुरुणी भात ठरवून दिलं. कुरुणी हे धान्याचं माप. संबंदराने पायी हिंडून गायलेलं पद आता पगारी नोकरीत आलं. त्यामुळे ते टिकलं, आणि त्यामुळेच ते देवळाच्या नियमांतही बांधलं गेलं.

‘मग देवळाची दारं सगळ्यांना उघडली का?’

नाही. आणि हे त्यांच्याच कथा सांगतात. तिरुप्पाणाळ्वार पाणर जातीचा, ज्या पाणरांनी एके काळी सरदारांच्या दारी मानाने गाणं केलं त्यांच्यातला. आता तो श्रीरंगमच्या बाहेर, कावेरीच्या तीरावर उभा राहून गातो. वाटेतून हटला नाही म्हणून एक पुजारी त्याला दगड मारतो. मग देवाच्या आज्ञेवरून तोच पुजारी त्याला खांद्यावर बसवून गाभाऱ्यापर्यंत नेतो. तिथे तो दहा कडवी गातो, देवाच्या पायापासून डोळ्यांपर्यंत, आणि मूर्तीत लीन होतो. नंदनार हा अस्पृश्य मानलेला शिवभक्त. चिदंबरमला आत जाण्याआधी त्याला अग्नीतून जावं लागतं आणि तो ब्राह्मण मुनीच्या रूपात बाहेर येतो.

दोघंही आत गेले. पण एकाचे पाय जमिनीला लागले नाहीत आणि दुसरा होता तसा आत आला नाही. भक्तीच्या बाबतीत हे कवी जात मानत नव्हते असं म्हणता येतं. देवळाच्या उंबरठ्याबाबत तसं म्हणता येत नाही. स्त्रियांचंही असंच. शिवभक्त कारैक्काल अम्मैयार आणि विष्णुभक्त आंडाळ यांची काव्यं श्रेष्ठ, आंडाळची ‘तिरुप्पावै’ मार्गळी महिन्यात आजही घरोघरी म्हणतात, पण बारा आळ्वारांत स्त्री आंडाळ एकटीच.

‘आणि जैनांचं काय झालं?’

संबंदराचं दहावं कडवं प्रेमळ नाही. त्यात जैन साधूंचे उपटलेले केस, त्यांचं नग्न राहणं, त्यांची भाषा यांची टिंगल आहे. या भक्तीने ‘आपलं’ गाव आखताना बाहेरचे कोण तेही आखलं. मदुरेत वादात हरलेल्या आठ हजार जैनांना सुळावर दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती सविस्तर येते ती काही शतकांनंतरच्या शैव ग्रंथांत, आणि अशा कत्तलीचा समकालीन पुरावा नाही. उलट नवव्या शतकात पांड्य राज्यात सित्तन्नवासलच्या जैन गुहेची डागडुजी झाली. ‘जीवक चिंतामणी’ हे तमिळमधलं महाकाव्यही एका जैन मुनीचंच. म्हणजे जैन संपले नाहीत. राजाश्रय आणि गावं मात्र हळूहळू त्यांच्या हातून गेली. कत्तलीची कथा खरी धरली नाही तरी ती अभिमानाने सांगितली गेली, एवढं तरी नोंदवायलाच हवं.

आपल्याकडची भक्ती तिथूनच आली का?

भागवत माहात्म्यात भक्ती स्वतःच सांगते : ‘उत्पन्ना द्रविडे साहं वृद्धिं कर्णाटके गता, क्वचित् क्वचिन्महाराष्ट्रे…’ आपल्या कीर्तनांत हा श्लोक हमखास येतो. तो आठवण म्हणून मोलाचा आहे, पण त्यावरून आळ्वारांपासून ज्ञानदेवांपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. मधे चारशेहून अधिक वर्षं आहेत, आणि वारकरी कवींनी आळ्वारांची पदं वाचल्याचं काही दिसत नाही. साम्य आहे ते ठेवणीत : लोकभाषा, गेय पद, शेवटी कवीचं नाव, एका जागी उभा असलेला देव. फरकही मोठा आहे. तिकडे शेकडो गावं आणि प्रत्येक गावाला वेगळं पद. आपल्याकडे शेकडो गावांतून निघालेल्या वाटा एका पंढरपूरला मिळतात.

पदं कुलपात

तेवारम एकत्र कसं झालं, त्याची कथा चिदंबरमची आहे. राजराज चोळाला पदं हवी होती. नंबी आंडार नंबी या भक्ताला कळलं की ताडपत्रं चिदंबरमच्या देवळात एका खोलीत बंद आहेत. पुजारी म्हणाले, ज्यांनी पदं रचली त्या तिघांनी स्वतः यावं, तरच दार उघडू. राजाने अप्पर, संबंदर आणि सुंदरर यांच्या मूर्ती मिरवत आणून दारापुढे उभ्या केल्या. दार उघडलं तर आत वारूळ. वाळवीने पुष्कळसं खाल्लं होतं, जे उरलं ते तेवारम.

त्याच चिदंबरमच्या गाभाऱ्यासमोरच्या मंडपात उभं राहून तमिळमध्ये तेवारम म्हणू द्यायचं की नाही, यावर आपल्या काळातही वर्षानुवर्षं वाद चालला. पुजाऱ्यांचा विरोध होता. अखेर सरकारी आदेश निघाला, आणि 2 मार्च 2008 रोजी एक वृद्ध ओदुवार, म्हणजे तेवारम गाणारे, पोलिसांच्या बंदोबस्तात त्या पायऱ्या चढले.